बिनअंड्याचा स्पंज केक : आच, जाळी आणि पारख

साधा स्पंज केक बिघडला की घरात पहिला संशय साहित्यावर जातो. मैदा जुना होता, दही आंबट होते, सोडा निकामी झाला होता, अशी कारणे निघतात. ती कधी खरीही असतात. परंतु पुष्कळदा सर्व साहित्य चोख असते, माप बिनचूक असते आणि तरीही केक वरून करपतो व आतून कच्चा राहतो, किंवा ओव्हनमध्ये छान फुगून बाहेर काढताच मध्यभागी खचतो. अशा वेळी दोष आचेत, भांडे ठेवलेल्या जागेत किंवा केक बाहेर काढण्याच्या घाईत असतो. पाककृतीच्या पुस्तकात या तिन्ही गोष्टी शेवटच्या एका ओळीत उरकलेल्या असतात : ‘१८० अंशांवर चाळीस मिनिटे भाजावे.’ या महिन्यात त्या एका ओळीचाच विचार करू.

आपल्या घरातील केक बिनअंड्याचा असतो आणि येथे त्याचा संबंध थेट आचेशी येतो. अंड्याच्या केकमध्ये उष्णतेने अंडे घट्ट होते आणि केकच्या जाळीला सांगाडा मिळतो. बिनअंड्याच्या केकमध्ये हे काम मैद्यातील पिष्टालाच करावे लागते. पिष्ट ओलावा शोषून फुगते आणि पुरेसे तापल्यावर घट्ट बसते. ते घट्ट बसण्याआधी आतील बुडबुडे केवळ ओल्या पिठाच्या पातळ पडद्यांवर तरंगत असतात. म्हणून बिनअंड्याचा केक कच्चा असताना अधिक नाजूक असतो. त्यात साखर भरपूर असल्याने पिष्ट घट्ट होण्यास आणखी उशीर लागतो. केक खऱ्या अर्थाने तयार होतो तेव्हा त्याच्या मध्यभागी सुमारे ९५ ते ९८ अंश सेल्सिअस तापमान असते. बाहेरच्या हवेत १७५ अंश असोत की २००, आतील भाग ओला असेपर्यंत शंभराच्या पुढे जात नाही. वरचा तांबूस रंग मात्र त्याहून बऱ्याच अधिक तापलेल्या, कोरड्या पडलेल्या पृष्ठभागावरच येतो. रंग हा सालीचा हिशेब आहे, गाभ्याचा नाही, हे ध्यानात आले की अर्धी अडचण सुटते.

प्रमाण साधेच घेऊ. मैदा दीड कप, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम. ताजे, फार आंबट नसलेले दही एक कप. पिठीसाखर पाऊण ते एक कप. वास नसलेले तेल अर्धा कप. बेकिंग पावडर सव्वा चमचा आणि खाण्याचा सोडा अर्धा चमचा, दोन्ही मापाच्या लहान चमच्याने आणि सपाट. चिमूटभर मीठ. लोणी न खाणाऱ्या घरांत तेलाची ही कृती आपसूकच चालते. अनेक बिनअंड्याच्या कृतींत व्हिनेगर असते. येथे सोड्याला लागणारी आंबट बाजू दही सांभाळते, त्यामुळे त्याची गरज पडत नाही. यीस्टचा तर संबंधच नाही, कारण केक आंबवण्याने फुगत नाही, सोडा आणि आम्ल एकत्र येऊन सुटणाऱ्या वायूने फुगतो. बाजारातील अनेक व्हॅनिला अर्क मद्यार्कात केलेले असतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी वेलचीपूड घालावी. माझ्या मते दह्याच्या केकला वेलचीच अधिक शोभते.

दही व साखर एकजीव करून साखर विरघळू द्यावी, मग तेल घालून फेटावे. मैदा, बेकिंग पावडर, सोडा व मीठ दोनदा चाळून वेगळे ठेवावे. आता येथे थांबावे. कोरडे साहित्य ओल्यात मिसळताच सोडा कामाला लागतो आणि त्याचा वायू आपली वाट पाहत बसत नाही. बेकिंग पावडरीचा काही भाग उष्णतेची वाट पाहतो, सोडा पाहत नाही. म्हणून ओव्हन तापला याची खात्री झाल्यावरच मैदा ओल्यात घालावा, गुठळ्या मोडेपर्यंतच हलक्या हाताने ढवळावा आणि पाच मिनिटांच्या आत भांडे ओव्हनमध्ये जावे. मिश्रण चमच्यावरून जाड रिबिनीसारखे पडावे. दही घट्ट असेल तर दोन-तीन चमचे दूध लागते. एवढे मिश्रण सात इंचांच्या गोल भांड्यात अर्ध्याहून थोडे वर येते. तळाला तेल लावून बटर पेपर घातलेला असावा.

आता आचेकडे वळू. घरोघरी असलेल्या ओटीजीच्या बटणावरील आकडा हा अंदाज असतो. ओव्हनमधील उष्णता-नियंत्रक तारा लाल करतो, ठरलेल्या आकड्यापलीकडे गेल्यावर बंद करतो आणि तापमान बरेच उतरल्यावर पुन्हा चालू करतो. त्यामुळे आतील तापमान सतत वर-खाली होत असते. शिवाय लहान ओव्हनमध्ये बटणाचा आकडा आणि प्रत्यक्ष तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज आढळतो. बँकेत पासबुक आणि खातेवही जुळवल्याशिवाय शिलकेवर विश्वास ठेवत नसत, तसेच येथेही करावे. ओव्हनच्या आत ठेवण्याचा तबकडीचा थर्मामीटर भांड्यांच्या दुकानात किंवा बेकिंगच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. केकचे भांडे जेथे येणार तेथेच जाळीवर तो ठेवावा, बटण १८० वर न्यावे आणि वीस मिनिटे दार उघडू नये. त्यानंतर तारा बंद होतात तेव्हाचा व पुन्हा चालू होतात तेव्हाचा आकडा काचेतून पाहावा. असे दोन-तीन फेरे पाहून मधला आकडा काढावा. तो २०० आला तर आपल्या ओव्हनचे १८० म्हणजे खरे २००, आणि बटण १६० च्या जवळ ठेवावे लागेल. हे एकदाच करून कागदावर लिहून ओव्हनच्या बाजूला चिकटवले की वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

दह्याच्या या केकसाठी सात इंचांच्या भांड्यात खरे १७० ते १७५ अंश योग्य ठरतात. आतला पंखा चालू असेल तर फिरणारी गरम हवा उष्णता लवकर पोचवते, तेव्हा पंधरा-वीस अंश कमी करावे. काळ्या रंगाचे भांडे उष्णता अधिक ओढून घेते व कडा लवकर तांबूस करते. त्यासाठी आणखी दहा अंश उतरवावे. चकाकत्या अॅल्युमिनियमच्या साध्या भांड्यात कडा मऊ राहतात, आणि स्पंजसाठी मला तेच पसंत आहे.

आच फार झाली तर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. भांड्याच्या कडा आणि वरचा पापुद्रा लवकर घट्ट होतो. मध्यभाग मात्र अजून पातळ असतो आणि फुगत असतो. त्याला जागा उरत नाही, म्हणून तो वरच्या पापुद्र्याला डोंगरासारखा उचलतो आणि अखेर फाडून बाहेर येतो. टोकदार, भेगाळलेला केक ही जास्त आचेची खूण आहे. आच फार कमी असेल तर उलटे होते. वायू निसटून जातो, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पिष्ट घट्ट बसेपर्यंत आधार उरत नाही. असा केक फिकट, बसका आणि खायला जड लागतो. मफिनसारखा उंच डोंगर काहींना आवडतो आणि त्यासाठी ते मुद्दाम सुरुवातीला आच वाढवतात. मधोमध कापून जॅम किंवा साय भरायची असेल तर मात्र सपाट माथ्याचाच केक हवा.

जाळीच्या बाबतीत ‘मधल्या खाचेत ठेवा’ एवढेच सांगितले जाते आणि लहान ओव्हनमध्ये तेच फसवते. मधोमध यायला हवा तो केक, जाळी नव्हे. इचलकरंजीच्या आमच्या भाचेसूनबाईंचे उदाहरण सांगतो. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाआधी सराव म्हणून त्यांनी वरील प्रमाणाचाच केक केला. त्यांच्या ओव्हनमध्ये तीन खाचा. तळाशी भांडे ठेवले तर खालून जळेल या भीतीने त्यांनी वरची खाच निवडली, वरच्या व खालच्या दोन्ही तारा चालू ठेवल्या आणि बटण २०० वर नेले. पंचवीस मिनिटांत माथा गडद तपकिरी झाला, मधोमध भेग पडली आणि काडी घातली तर ओले पीठ बाहेर आले. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मामा, दही जास्त झालं का?”

दह्याचा काही दोष नव्हता. त्यांना पट्टीने मोजायला सांगितले. खालच्या तारांपासून वरच्या तारांपर्यंत नऊ इंच अंतर निघाले. भांडे तीन इंच उंच. म्हणजे खाली तीन आणि वर तीन इंच मोकळे राहावे असे वाटत असेल तर जाळी खालच्या तारांपासून तीन इंचांवर हवी, आणि त्यांच्या ओव्हनमध्ये ती सर्वांत खालची खाच होती. वरच्या खाचेत भांड्याचा काठ वरच्या तारांपासून जेमतेम इंचावर आला होता. तेथे केक हवेने नव्हे, लाल तारांच्या थेट झळीने भाजला जात होता. पापड भाजायला ती झळ उत्तम, केकला नव्हे. आपल्या ओव्हनचे अंतर वेगळे असेल, पण हिशेब हाच करावा. भांडे ठेवायचे ते उघड्या जाळीवर, सपाट ट्रेवर नाही, कारण ट्रे खालची उष्णता अडवतो. भिंतींपासूनही चारही बाजूंना इंचभर तरी जागा हवी, नाहीतर भिंतीकडची कड लवकर लाल होते. जाळी फार खाली असेल तर केक वरून फिकट राहतो आणि बुडाला जाड, कडक साल धरतो. बटर पेपर काढताना ते लगेच कळते.

त्या दिवशीचा केकही वाया जाऊ दिला नाही. वरून भाजलेला आणि आतून ओला केक वाचवायचा तर भांडे खालच्या खाचेत न्यावे, माथ्यावर फॉइल सैलसर झाकावी, आच दीडशे-एकशे साठवर आणावी आणि पंधरा-वीस मिनिटे द्यावी. माथा कोरडाच राहिला, पण आतून तो शिजला. करपलेला भाग कापून मुलांनी तो दुधाबरोबर संपवला असे कळले.

दुसऱ्या रविवारी त्यांनी थर्मामीटर लावून पाहिले. बटण १८० वर असताना मधला आकडा १९५ च्या आसपास येत होता, म्हणून बटण १६० वर ठेवले, जाळी खालच्या खाचेत नेली आणि दोन्ही तारा चालू ठेवल्या. मिनिटागणिक काय दिसते ते लिहायला सांगितले होते. तो कागद माझ्याजवळ आहे आणि केक कसा शिजतो हे त्यातून उत्तम कळते. भांडे तीन वाजून पाच मिनिटांनी आत गेले. पंधराव्या मिनिटाला कडा वर चढलेल्या, मधोमध खळगा, माथा ओला आणि चकाकणारा. पंचविसाव्या मिनिटाला माथा सपाट, चकाकी गेलेली, रंग पिवळसर, वेलचीचा वास स्वयंपाकघरात आलेला. बत्तिसाव्या मिनिटाला रंग सोनेरी. येथे पुष्कळजणी केक बाहेर काढतात. परंतु जाळी जराशी हलवली तर मधला रुपयाएवढा भाग थरथरत होता. अडतिसाव्या मिनिटाला थरथर थांबली, पण काडीवर ओला लेप आला. बेचाळिसाव्या मिनिटाला काडीवर दोन-तीन दमट कण, कडा भांड्यापासून किंचित सुटलेल्या. केक बाहेर आला आणि माथा सपाट राहिला.

या नोंदीत एक गोष्ट मुद्दाम पाहावी. बत्तिसाव्या मिनिटापर्यंत दार एकदाही उघडले नव्हते. भाजण्याच्या पहिल्या दोन-तृतीयांश वेळात दार उघडल्यास गरम हवा एका झटक्यात बाहेर जाते, बुडबुडे आकसतात आणि अजून न बसलेले पीठ त्यांच्याबरोबर खाली जाते. नंतर कितीही भाजले तरी तो खळगा भरून येत नाही. काच धुरकट असेल तर आधी पुसून घ्यावी, दार उघडून डोकावू नये.

केक झाला की नाही हे ओळखण्याच्या खुणा चार-पाच आहेत, पण त्यांची किंमत सारखी नाही. वास आणि रंग या पहिल्या सूचना. त्या आल्या म्हणजे आता लक्ष द्यायची वेळ झाली, एवढेच त्यांचे म्हणणे. कडा भांड्यापासून सुटणे ही त्यापुढची खूण, पण भांड्याला तेल किती लावले यावर ती थोडी अवलंबून असते. बोटाची परीक्षा अधिक भरवशाची. मधोमध बोटाच्या टोकाने हलके दाबावे. खळगा तसाच राहिला तर गाभा कच्चा. दाब सोडताच पृष्ठभाग वर आला तर पिष्ट घट्ट बसले. मात्र हे भांडे जाळीसह थोडे पुढे ओढून, हाताला झळ न लागेल असे करावे.

शेवटचा निर्णय काडीचा. काडी लाकडी आणि पुरेशी लांब असावी. विणकामाची गुळगुळीत सुई किंवा सुरी वापरू नये, कारण धातूवर ओले पीठ नीट चिकटत नाही आणि खोटी साक्ष मिळते. काडी मध्यभागी, सर्वांत उंच जागी, तळापासून अर्ध्या इंचापर्यंत घालावी. कडेला घातलेली काडी काहीच सांगत नाही, कारण कडा दहा मिनिटे आधीच झालेली असते. भेगेतून घातली तरी फसवणूक होते, तेथे वाफेने ओलावा साचलेला असतो. बाहेर आलेल्या काडीवर चकचकीत लेप असेल तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. दमट, सुटे कण असतील तर केक झाला. काडी पूर्ण कोरडी, घासून ठेवल्यासारखी निघेपर्यंत थांबू नये. बाहेर काढल्यावरही भांड्याच्या उष्णतेने गाभा काही मिनिटे शिजत राहतो आणि दह्याचा केक त्या अवधीत कोरडा पडतो. ज्यांच्याकडे टोचून पाहायचा थर्मामीटर आहे त्यांनी मध्यभागी ९६ अंश आले की ओव्हन बंद करावा. त्यांना काडीची गरज नाही.

आपल्या घरांत केक सूर्यास्ताआधी कापायचा असतो, तेव्हा वेळेचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला केक कापायचा असेल तर थंड होण्यासाठी दीड-दोन तास, भाजण्यासाठी पाऊण तास, ओव्हन तापवायला वीस मिनिटे आणि सजावटीला अर्धा तास धरून दोनच्या आधी कामाला लागावे लागते. गावात दुपारी वीज जात असेल किंवा दाब कमी असेल तर ओव्हन तापायलाच वेळ लागतो. दिवा विझून पुन्हा लागण्याचा एक फेरा पूर्ण झाल्याशिवाय मैदा ओल्यात घालू नये. वाढदिवसाच्या दिवशी उशीर झाला म्हणून आच वाढवून वेळ भरून काढता येत नाही. बत्तिसाव्या मिनिटाची नोंद पुन्हा पाहावी. रंग लवकर येईल, गाभा नाही.

बाहेर काढलेला केक भांड्यातच दहा मिनिटे राहू द्यावा. ताबडतोब उलटा केला तर मऊ गाभा स्वतःच्या वजनाने तुटतो आणि अर्धा तास तसाच ठेवला तर बुडाशी वाफ साचून तळ ओलसर होतो. दहा मिनिटांनी कडेने पातळ सुरी फिरवून तो जाळीवर उलटा काढावा, बटर पेपर सोलावा आणि लगेच पुन्हा सुलटा करावा, म्हणजे माथ्यावर जाळीचे वळ उठत नाहीत. जाळीखाली हवा खेळती हवी, ताटात ठेवू नये. तळहात बुडाला लावून तेथील ऊब पूर्ण गेली असे वाटल्यावरच सुरी लावावी. तोवर आतली वाफ गाभ्यात मुरत असते. अशा गरम केकमध्ये सुरीला चिकटलेला थर पाहून पुष्कळजण नीट झालेल्या केकलाही कच्चा ठरवतात. आडवा कापून थर करायचे असतील तर दातेरी सुरी घ्यावी आणि केक फिरवत आधी चहूबाजूंनी खूण करून मग मध्यापर्यंत जावे.